अकरा मीटरचा समुद्र

रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका शाळेत समुद्राविषयी बोलायला गेलो, तेव्हा सोबत अकरा मीटर सुंभाची दोरी नेली होती. ती गच्चीवरून खाली सोडली, तर शेवटचं टोक बरोबर अंगणातल्या फरशीला टेकलं. सातवीची मुलं खाली गोळा झाली. म्हटलं, हा समुद्र. दोरीवरचा एक मीटर म्हणजे खरा एक किलोमीटर. वर गच्चीच्या कठड्याशी लाटा आहेत आणि खाली तुमच्या पायाशी प्रशांत महासागरातली मरियाना गर्ता आहे, जवळपास 10,900 मीटर खोल.

"तुमच्यापैकी कुणाच्या घरची होडी आहे?" असं विचारल्यावर निम्मे हात वर झाले. एका मुलाचे बाबा वीस वाव पाण्यात जाळं टाकतात. एक वाव म्हणजे साधारण सहा फूट, तेव्हा वीस वाव म्हणजे छत्तीस मीटर. दोरीवर ते मोजलं तर साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटं. मुंबई हायच्या तेलविहिरी जिथे उभ्या आहेत, तिथलं पाणी सुमारे 75 मीटर खोल आहे. दोरीवर चार बोटं. भूगोलाच्या पुस्तकात जिला समुद्रबूड जमीन म्हणतात, त्या उथळ काठावरच आपली बहुतेक मासेमारी चालते. ती संपली की खंडान्त उतार लागतो आणि तळ एकदम खाली जातो.

पहिली खूण वरून एक वीत अंतरावर बांधली. वीत म्हणजे वीस सेंटिमीटर, म्हणजे खरे 200 मीटर. हा उजेडाचा थर. स्वच्छ, निळ्या खोल समुद्रात साधारण इथवरच वनस्पतींना अन्न तयार करता येईल इतका प्रकाश पोचतो. आपल्या किनाऱ्याजवळ पाणी गढूळ असतं, त्यामुळे उजेड त्याच्या कितीतरी आधी संपतो. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी होडीतून हात पाण्यात घातला तर कोपरापुढचा हातही दिसत नाही. म्हणजे ही 200 मीटरची रेघ आखीव नाही. पाणी जसं, तसा थर.

उजेड संपताना सगळे रंग एकदम संपत नाहीत. लाल रंग पाणी सर्वांत आधी शोषून घेतं, पहिल्या दहा-पंधरा मीटरांतच तो जवळजवळ नाहीसा होतो. निळा सर्वांत खोल जातो. हे दाखवायला वर्गाच्या खिडक्या बंद केल्या, निळा एलईडी दिवा लावला आणि एका मुलीची लाल रिबन त्याखाली धरली. रिबन काळी दिसली. दिव्याच्या उजेडात लाल रंगच नव्हता, मग रिबन परत काय फेकणार? "सर, म्हणजे खाली लाल कपडे घातले की कुणाला दिसणार नाही!" ती म्हणाली. अगदी बरोबर. म्हणूनच खोल पाण्यातल्या कितीतरी कोळंब्या लालभडक असतात. आपल्याला त्या भडक दिसतात, कारण आपण त्यांना वर आणून पांढऱ्या उजेडात बघतो. त्यांच्या घरी तो रंग अंधाराचा असतो.

दुसरी खूण एक मीटरवर, म्हणजे 1,000 मीटर खोलीवर. वीत आणि मीटर यांच्यामधला हा संधिप्रकाशाचा थर. दिवेलागणीला अंगणात जेवढं दिसतं त्याहूनही कमी, आणि तेही फक्त वरून येणारं निळसर. इथे पोटावर बारीक दिवे असलेले बोटभर लांबीचे कंदीलमासे राहतात. खालून बघणाऱ्या शिकाऱ्याला वरच्या फिकट उजेडात त्यांची सावली दिसू नये, म्हणून ते पोटावरचे दिवे वरच्या उजेडाइतकेच मंद लावतात. आपल्या अरबी समुद्रात ते फार मोठ्या संख्येने आहेत. रात्र पडली की हे मासे खायला वर येतात, पहाटे पुन्हा खाली जातात. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या यंत्रांना समुद्राचा तळ दिवसा खाली आणि रात्री वर सरकताना दिसायचा. तो तळ नव्हताच, जिवांच्या या दाट थरावरून आवाज परत येत होता.

एका मीटरच्या खाली सूर्याचा उजेड नाहीच. इथून पुढच्या दहा मीटर दोरीवर जो काही प्रकाश दिसेल, तो तिथल्या जिवांनी स्वतः पाडलेला. पाणी थंडगार, तळाशी एक ते चार अंशांच्या आसपास. चार मीटरच्या खुणेपर्यंत काळोखाचा थर, चारपासून सहापर्यंत अथांग सागरी मैदानांचा थर, आणि सहाच्या खाली फक्त गर्ता. खरा समुद्र सरासरी पावणेचार किलोमीटर खोल आहे, म्हणजे बहुतेक ठिकाणी दोरी चौथ्या मीटरच्या आसपासच तळाला लागेल. समुद्रतळाचा एक तुकडा दुसऱ्याखाली सरकताना वाकतो, तिथे अरुंद, खोल भेग तयार होते; खालचे पाच मीटर फक्त अशा थोड्या जागी लागतात.

आता थर ठरतो तो उजेडाने नव्हे, वजनाने. दर दहा मीटर खोलीला तुमच्या करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर साधारण एक किलो वजन वाढतं. मरियाना गर्तेच्या तळाशी त्या नखावर अकराशे किलो, म्हणजे एक छोटी मोटार.

"मग मासे चिरडत कसे नाहीत?" असं कुणीतरी विचारणार होतंच. त्यासाठी औषधाच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन सिरिंज आणल्या होत्या. एकीत हवा भरली, दुसरीत पाणी. दोन्हींची तोंडं अंगठ्याने दाबून मुलांना दट्ट्या ढकलायला लावलं. हवेची सिरिंज निम्म्याहून कमी झाली. पाण्याची तसूभरही हलली नाही. वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगाही हरला. दाबाने चेपते ती पोकळी. माशाचं मांस बहुतेक पाणीच असतं, आतून-बाहेरून दाब सारखा. चिरडायची भीती माणसाला, कारण त्याच्या फुप्फुसांत आणि पाणबुडीत हवा असते.

मग मासे गर्तेच्या तळापर्यंत असायला हवेत. तसे ते नाहीत, आणि या गोष्टीतला खरा पेच हाच आहे. मासा अख्खा चिरडत नसला, तरी त्याच्या पेशींतली प्रथिनं अडचणीत येतात. प्रथिनाचा रेणू नीट घडी घातलेल्या कापडासारखा असतो. घडी बिघडली की काम थांबतं. प्रचंड दाबाखाली पाणी त्या घड्यांमध्ये घुसू बघतं. ते रोखायला मासे अंगात एक रसायन साठवतात. त्याचं नाव ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड, थोडक्यात टीएमएओ. खोली वाढत जाते तसं माशांच्या मांसातलं त्याचं प्रमाणही वाढत जातं.

मुलांना ते नाव जड गेलं, पण त्याची ओळख घरचीच होती. मासा मेल्यावर जीवाणू याच टीएमएओचं रूपांतर दुसऱ्या रसायनात करतात, आणि शिळ्या मासळीचा जो वास बंदरावर येतो तो मुख्यतः त्याचाच. "म्हणजे खोल पाण्यातला मासा जास्त घाण वास मारणार!" मागच्या बाकावरून आवाज आला. सगळा वर्ग नाक धरून हसला. तर्क मात्र सरळ होता.

मग टीएमएओ वाढवत नेऊन मासे तळापर्यंत का जात नाहीत? त्यासाठी लोणच्याच्या कैरीकडे वळू. फोडींना मीठ लावलं की त्यांना पाणी सुटतं, कारण पाणी कमी खारट जागेकडून जास्त खारट जागेकडे जातं. समुद्रातला नेहमीचा मासा समुद्राच्या मानाने पुष्कळच अळणी असतो. त्याच्या अंगातून पाणी सतत बाहेर जातं आणि ते भरून काढायला तो समुद्राचं पाणी पीत राहतो, जास्तीचं मीठ बाहेर टाकतो. टीएमएओ साठवत गेलं की अंगातला विरघळलेला ऐवज वाढतो. म्हणजे जितकं खोल जावं, तितका मासा समुद्राच्या बरोबरीला येत जातो. एका खोलीवर दोन्ही सारखे होतात. त्याच्याही खाली जायचं तर आणखी टीएमएओ हवं. मग मासाच समुद्राहून गाढ होईल आणि पाणी उलटं त्याच्या अंगात शिरू लागेल. त्याची सगळी यंत्रणा बरोबर याच्या विरुद्ध कामासाठी घडलेली आहे.

जीवशास्त्रज्ञ पॉल यान्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडच्या उत्तरेच्या केरमाडेक गर्तेतून 7,000 मीटरवर पकडलेल्या स्नेलफिश या माशांचं मांस तपासलं. टीएमएओचं माप पुढे वाढवून त्यांनी 2014 मध्ये अंदाज मांडला, की माशांची मर्यादा 8,200 मीटरच्या आसपास असावी. पुढे 2022 मध्ये जपानच्या दक्षिणेला इझू-ओगासावारा गर्तेत आमिष लावलेला कॅमेरा सोडला गेला. त्यात 8,336 मीटरवर पोहणारा एक स्नेलफिश दिसला. चित्रित झालेला तो सर्वांत खोलवरचा मासा. अंदाज थोडा ओलांडला गेला, पण मोडला नाही.

दोरीवर 8 मीटर 34 सेंटिमीटरची खूण करून मुलांनी कागदी मासा बांधला. गच्चीवरून बघणारे म्हणाले, अजून खूप दोरी उरलीय. उरली होती अडीच मीटरांहून जास्त.

मग त्यांना जुनी गोष्ट सांगितली. 23 जानेवारी 1960 रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे ट्रिएस्ट नावाच्या यानातून मरियाना गर्तेच्या तळाला गेले. यानाच्या वरच्या टाकीत पेट्रोल भरलेलं होतं. हवेसारखं ते चेपत नाही आणि पाण्याहून हलकं असल्यामुळे परत वर आणतं. माणसं बसली होती खालच्या पोलादी गोळ्यात. उतरायला पाच तासांच्या आसपास लागले. वाटेत, सुमारे नऊ किलोमीटरवर, बाहेरच्या खिडकीला तडा गेल्याचा आवाज झाला. तळाशी ते वीसेक मिनिटं थांबले आणि वर आल्यावर त्यांनी सांगितलं, खाली एक चपटा मासा दिसला.

"पण सर, तिथे मासा कसा असेल?" लाल रिबनवाल्या मुलीनेच विचारलं. हाच प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला आहे. ट्रिएस्टने उडवलेल्या गाळात, छोट्या खिडकीतून, दिव्याच्या उजेडात दोघांनी काहीतरी पाहिलं, यात खोटं काही नाही. ती कदाचित समुद्रकाकडी असेल. ती तळावर सरपटते आणि अशा खोलीतही राहते. त्यांच्याजवळ त्याचा फोटो नव्हता. त्यानंतर तिथे गेलेल्या कॅमेऱ्यांना आणि सापळ्यांना अॅम्फिपॉड मिळाले, म्हणजे कोळंबीचे दूरचे नातलग, वाकड्या पाठीचे जीव. ते वरून गर्तेत घरंगळत येणारं उष्टं-खरकटं खातात. मासा मात्र मिळाला नाही.

जमिनीला टेकलेल्या टोकाशी कुठलं चित्र लावायचं यावर बराच वाद झाला. एकाचं म्हणणं, पिकार आणि वॉल्श स्वतः तिथे होते, तेव्हा मासाच लावा. बाकीच्यांनी कैरीची आठवण करून दिली. शेवटी वाकड्या पाठीचा अॅम्फिपॉड काढला गेला. ज्याच्या बाबांचं जाळं वीस वावात उतरतं, त्यानेच तो दोरीच्या टोकाला बांधला, आणि शेजारी पेन्सिलीने एक चपटा मासा काढून त्यापुढे प्रश्नचिन्ह केलं.