फोटोच्या फाइलमध्ये उरलेली संपादनाची नोंद

डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर मजकूरही असतो. कॅमेरा, दिनांक, लेन्स ही माहिती बहुतेकांच्या परिचयाची आहे. पण फोटो पुढे एखाद्या संपादन-प्रोग्रॅममधून गेला, तर तो प्रोग्रॅमही फाइलमध्ये आपली खूण ठेवतो. अशा खुणा मुख्यतः दोन ठिकाणी सापडतात. एक म्हणजे एक्सएमपी नावाचा मजकुराचा तुकडा आणि दुसरी म्हणजे रंगांचे प्रोफाइल.

एक्सएमपी ही पद्धत अडोबी कंपनीने २००१ मध्ये आणली आणि २०१२ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. हा मजकूर साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. जेपेग फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर अगम्य चिन्हांच्या गर्दीत तो वाचताही येतो. सोयीने वाचायचा असेल तर एक्झिफटूल हा मोफत प्रोग्रॅम वापरतात:

```
exiftool -a -G1 -s -XMP:all -ICC_Profile:all photo.jpg
```

यातून बरीच नावे पडद्यावर येतात, पण तपासाच्या दृष्टीने त्यांतली थोडीच महत्त्वाची असतात. `CreatorTool` मध्ये प्रोग्रॅमचे नाव असते. `OriginalDocumentID` हा मूळ दस्तऐवजाचा ओळख-क्रमांक असून तो सहसा बदलत नाही, तर `InstanceID` प्रत्येक वेळी जतन करताना नवा मिळतो. त्यामुळे वरवर वेगळ्या दिसणाऱ्या दोन फाइलींत पहिला क्रमांक एकच निघाला, तर त्या एकाच मुळापासून निघाल्या असण्याची शक्यता मोठी असते. सगळ्यांत बोलकी असते ती `History` ही यादी. फाइल कधी तयार झाली, कधी एका प्रकारातून दुसऱ्यात बदलली, कधी जतन झाली आणि ते काम कोणत्या प्रोग्रॅमने केले, हे तिच्यात ओळीने लिहिलेले असते.

ही यादी दवाखान्याच्या अशा केसपेपरसारखी असते, ज्यावर रोगी कोणत्या तारखांना येऊन गेला हे आहे, पण उपचार काय केले ते नाही. फोटोशॉपने जतन केल्याची ओळ दिसली, तरी त्या बैठकीत कोणी फक्त उजेड वाढवला की एखादा माणूस पुसून टाकला, हे त्या ओळीवरून कळत नाही. केलेल्या क्रिया सविस्तर लिहून ठेवण्याची सोय फोटोशॉपमध्ये आहे. मात्र ती मुद्दाम चालू करावी लागते, आणि फारच थोडे लोक ती करतात.

हा फरक विसरला की काय होते, हे २०१३ मध्ये दिसले. स्वीडिश छायाचित्रकार पॉल हान्सेन यांच्या गाझातील अंत्ययात्रेच्या छायाचित्राला वर्ल्ड प्रेस फोटोचा वर्षातील सर्वोत्तम छायाचित्राचा मान मिळाला होता. प्रतिमा-तपासनीस नील क्रॉविट्झ यांनी त्या फाइलमधला एक्सएमपी इतिहास वाचला. मूळ रॉ फाइलवरून रूपांतर केल्याच्या नोंदी त्यात एकापेक्षा जास्त होत्या. त्यावरून, हे चित्र अनेक छायाचित्रे जोडून बनवले आहे, असा निष्कर्ष त्यांनी मे महिन्यात जाहीर केला. वर्ल्ड प्रेस फोटोने मग हॅनी फरीद, केव्हिन कॉनर आणि एडवर्ड डी काम या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. मूळ रॉ फाइल आणि बक्षीसपात्र चित्र त्यांनी शेजारी ठेवून पाहिले. काही भाग उजळ आणि काही गडद केले होते हे खरे, पण जोडकाम आढळले नाही. एकच रॉ फाइल वेगवेगळ्या उजेडात पुन्हापुन्हा विकसित केली, तरीही इतिहासात तशाच ओळी उमटतात. नोंदी खऱ्याच होत्या. ‘अनेक रूपांतरे म्हणजे अनेक फोटो’ हा त्यांचा अर्थ मात्र चुकला होता.

दुसरी जागा रंगांच्या प्रोफाइलची. फाइलमधला अमुक आकडा म्हणजे नेमका कोणता लाल, हे पडद्याला आणि छपाईयंत्राला सांगणे एवढेच त्याचे काम. पण प्रत्येक प्रोफाइलच्या सुरुवातीला १२८ बाइटचे शीर्षक असते. ते प्रोफाइल कधी बनले आणि कोणी बनवले, यासाठी त्यात राखीव जागा आहेत. नवखा वाचक इथे हमखास फसतो. `ProfileDateTime` पुढे ९ फेब्रुवारी १९९८ ही तारीख दिसते आणि तो चक्रावतो. ती फोटोची तारीख नसते. एचपी कंपनीने एसआरजीबीचे जे प्रोफाइल तयार केले, त्याची ती जन्मतारीख आहे, आणि जगभरातल्या असंख्य फाइली ती जशीच्या तशी वाहून नेतात.

म्हणून आधी प्रोफाइलचे नाव पाहावे, तारीख नंतर. नाव `c2` असेल, तर तो ५२४ बाइटचा छोटा प्रोफाइल फेसबुकचा आहे आणि फोटो तिथून गेल्याची ती चांगली खूण आहे. नाव `GIMP built-in sRGB` असेल, तर गोष्ट अधिक रंजक होते. गिंप हा मोफत प्रोग्रॅम हे प्रोफाइल तयार स्थितीत साठवून ठेवत नाही. चालू असताना तो ते नव्याने बनवतो. त्यामुळे तिथली तारीख खरोखरच त्या बैठकीची असते.

समजा, ‘कॅमेऱ्यातून थेट आलेला’ म्हणून मिळालेल्या एका फोटोत या ओळी निघाल्या:

```
HistoryAction        : saved
HistoryWhen          : 2024:03:12 10:04:40+05:30
HistorySoftwareAgent : Gimp 2.10 (Windows)
ProfileDescription   : GIMP built-in sRGB
ProfileDateTime      : 2024:03:12 04:31:16
```

दोन वेळांत साडेपाच तासांहून जास्त अंतर दिसते आणि पहिला संशय इथेच येतो. पण प्रोफाइलमधली वेळ ग्रीनिचची असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ सकाळी १० वाजून १ मिनिट १६ सेकंद येते, म्हणजे जतन करण्याच्या सुमारे साडेतीन मिनिटे आधी. दोन्ही नोंदी एकमेकींना दुजोरा देतात: त्या सकाळी भारतीय वेळेवर लावलेल्या संगणकावर गिंप चालू होता आणि त्यातूनच ही फाइल बाहेर पडली. ‘कॅमेऱ्यातून थेट’ हा दावा इथे कोसळतो. मात्र बदल काय केला, की नुसतीच प्रत काढली, हे यावरूनही सांगता येत नाही. दोन्ही वेळा त्या संगणकाच्याच घड्याळावरून घेतलेल्या असल्यामुळे घड्याळ चुकीचे असेल तर दोन्ही सारख्याच चुकतील. कोणी एक्सएमपीमधली तारीख मागाहून बदलली असेल, तर प्रोफाइलमधली तारीखही बदलायला हवी हे त्याच्या लक्षात येईलच असे नाही, आणि तपासनीसाचा फायदा तिथेच होतो.

नोंद नसणे हा मात्र कशाचाच पुरावा नव्हे. एक्झिफटूल जसे वाचते तसेच पुसतेही. शिवाय व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला, की तो पुन्हा दाबून बसवला जातो आणि एक्सएमपीचा इतिहास गळून पडतो. फॉरवर्ड होत आलेल्या फोटोत हा इतिहास शोधणे त्यामुळे व्यर्थ आहे. फोटोबद्दल शंका असेल तर मूळ फाइल मागावी, आणि व्हॉट्सअॅपवरूनच घ्यायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावी. तशी पाठवलेली फाइल जशीच्या तशी पोहोचते.