३.९ तारे कोणी दिले?

पूर्वी मुलाला किंवा मुलीला परगावी नोकरी लागली की घरातली वडील माणसे पहिला प्रश्न विचारत, "तिथे आपल्या ओळखीचे कोणी आहे का?" कोणाचा तरी मावसभाऊ, कोणाचे तरी शेजारी त्या शहरात असत आणि त्यांच्याकडून खरी-खोटी माहिती मिळे. आज तेच काम मोबाइल करतो. कंपनीचे नाव टाकले की ग्लासडोअर किंवा अ‍ॅम्बिशनबॉक्ससारख्या संकेतस्थळांवर तिथल्या आजी-माजी कर्मचाऱ्यांचे अभिप्राय समोर येतात आणि वर मोठ्या अक्षरात एक आकडा दिसतो: पाचपैकी ३.९. तो पाहून अब्बू म्हणतात, "चांगली दिसते कंपनी." अम्मी खाली जाऊन एकच संतापलेला अभिप्राय वाचते आणि म्हणते, "नको, अजिबात नको."

दोघांचे म्हणणे घाईचे आहे. या संकेतस्थळांचा उपयोग निश्चित होतो, पण वरच्या आकड्याने नाही आणि एखाद्या संतापाच्या ओळीनेही नाही. तो कसा होतो हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. त्यातील आकडे केवळ समजावण्यासाठी आहेत, पण चित्र नेहमीचेच आहे.

समजा, सोलापूरची एक बी. कॉम. झालेली मुलगी गावातच एका कार्यालयात १४ हजारांवर काम करते. तिला पुण्यातील एका मोठ्या कंपनीकडून आरोग्य विम्याचे दावे तपासण्याच्या विभागात २२ हजारांची नोकरी देऊ केली आहे. आठ हजारांची वाढ दिसते, पण पुण्यात वसतिगृहाचे भाडे आणि खाणे त्यातून जाणार. हातातली नोकरी सोडल्यावर परत मिळेलच असे नाही. संकेतस्थळावर कंपनीला ३.९ तारे आहेत आणि अभिप्राय तब्बल २४००.

पहिला प्रश्न हा की हे २४०० लोक कोण? कंपनीची कार्यालये दहा शहरांत आहेत. हिशेबनीस, संगणक अभियंते, विक्री प्रतिनिधी, प्रशिक्षणार्थी, सगळे त्या एका आकड्यात मिसळले आहेत. बेंगळुरूच्या अभियंत्याला मिळणाऱ्या सोयींचा पुण्यातील दावे विभागाशी काही संबंध नाही. यासाठी अभिप्रायांच्या वर शहर, विभाग आणि पद निवडण्याची सोय असते. मुलीने पुणे निवडले तेव्हा २४०० चे १८० झाले. दावे विभाग निवडला तेव्हा उरले १७. म्हणजे तिच्या कामाबद्दल बोलणारी माणसे २४०० नव्हती, १७ होती.

दुसरा प्रश्न तारखेचा. प्रत्येक अभिप्रायाजवळ तो कधी लिहिला हे दिलेले असते, पण वाचणारा तिकडे सहसा पाहत नाही. त्या १७ पैकी ८ अभिप्राय जुने निघाले, बहुतेक २०२० आणि २०२१ चे. त्यांत घरून काम करता येते म्हणून भरभरून कौतुक होते. ते तेव्हा खरेच असेल, पण महामारी संपल्यानंतर बहुतेक कंपन्यांनी माणसांना कार्यालयात परत बोलावले. त्या कौतुकाचा आज काडीचा उपयोग नाही.

तरीही जुने म्हणून सगळेच टाकून देऊ नये. काही गोष्टी लवकर बदलतात: वरिष्ठ कोण आहे, पाळी कोणती आहे, गाडीची सोय आहे की नाही, घरून काम आहे की नाही. यांबद्दल वर्षापूर्वीचे बोलणेही शिळे समजावे. काही गोष्टी मात्र कंपनीच्या हाडात मुरलेल्या असतात: पगार ठरलेल्या तारखेला होतो का, राजीनाम्यानंतर किती दिवस अडकवून ठेवतात, करारपत्रात दंडाची अट आहे का, सोडताना अनुभवपत्र वेळेवर देतात का. चार वर्षांपूर्वीच्या माणसाने आणि गेल्या महिन्यातल्या माणसाने यांबद्दल एकच तक्रार केली असेल, तर ती गंभीरपणे घ्यावी.

आता उरले गेल्या वर्षभरातील ९ अभिप्राय, आणि त्यांची सरासरी ३.८. वरच्या आकड्याशी जुळते म्हणून समाधान मानावे, असे वाटेल. पण तारखा पुन्हा पाहिल्या तर त्यांपैकी ४ अभिप्राय एकाच आठवड्यात आलेले आहेत. चौघांनीही पाच तारे दिले आहेत, चौघांनीही "काम करण्यासाठी उत्तम जागा" एवढेच लिहिले आहे आणि "काय आवडले नाही" या रकान्यात "काही नाही".

अशा एकदम येणाऱ्या लाटेकडे पाहण्याची एक जुनी खूण आहे. २०१९ साली अमेरिकेच्या 'वॉल स्ट्रीट जर्नल' या दैनिकाने ग्लासडोअरवरील लाखो अभिप्राय तपासले. ४०० हून अधिक कंपन्यांत एखाद्याच महिन्यात अभिप्रायांची संख्या अचानक फुगलेली दिसली, आणि अशा बहुतेक महिन्यांत कौतुकाचे प्रमाण आधीच्या-नंतरच्या महिन्यांपेक्षा खूपच जास्त होते. काही ठिकाणी कंपनीनेच कर्मचाऱ्यांना चांगले लिहायला सांगितले होते. प्रत्येक लाट लबाडीचीच असते असे नाही. नव्या भरतीच्या तुकडीने प्रशिक्षण चालू असताना उत्साहात लिहिलेले असू शकते. उलट, कपात झाल्यावर संतापाची लाटही अशीच येते. दोन्ही वेळा त्या लाटेला बाजूला ठेवून उरलेले वाचावे.

मुलीने ते चार बाजूला ठेवले. उरलेल्या पाच जणांनी दिलेले तारे होते २, ३, २, ४ आणि ३. बेरीज १४, सरासरी २.८. एकाच कंपनीचा, एकाच संकेतस्थळावरचा आकडा ३.९ वरून २.८ वर आला.

मग कंपनी वाईट ठरली का? इथे दुसऱ्या बाजूची घाई टाळायला हवी. पाच माणसे म्हणजे फार थोडी माणसे. दोन तारे देणाऱ्यांपैकी एकाच्या जागी पाच तारे देणारा एखादा लिहिता झाला असता, तर सरासरी ३.४ झाली असती. एका माणसाने आकडा इतका हलत असेल तर त्या आकड्यावर निर्णय बांधता येत नाही. शिवाय लिहिते कोण, हेही पाहावे. जो नऊ ते सहा काम करून गुपचूप घरी जातो, तो सहसा काही लिहीत नाही. ज्याचे भांडण झाले तो लिहितो, ज्याला नुकतीच बढती मिळाली तो लिहितो. म्हणून दोन्ही टोके जास्त दिसतात आणि मधली माणसे कमी. ग्लासडोअर म्हणूनच इतरांचे अभिप्राय पूर्ण पाहू देण्याआधी स्वतःचा लिहायला सांगते. अशा मागणीमुळे लिहिणाऱ्यांचे अभिप्राय कमी टोकाचे असतात, असे अभ्यासातही दिसले आहे. पण कल पूर्ण जात नाही.

मग या पाच अभिप्रायांचे करायचे काय? तारे सोडून द्यावेत आणि मजकूर वाचावा. मजकुरातही "राजकारण फार", "मॅनेजर वाईट" अशी मते सोडून द्यावीत, कारण ती तपासता येत नाहीत. तपासता येतील अशा गोष्टी वेगळ्या काढाव्यात आणि त्या किती जणांनी, एकमेकांपासून दूरच्या महिन्यांत लिहिल्या ते मोजावे. आपल्या उदाहरणात पाचपैकी तिघांनी लिहिले होते की तीन महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर पाळी बदलून दुपारी १२ ते रात्री ९ होते. दोघांनी लिहिले होते की राजीनाम्यानंतर ९० दिवस थांबावे लागते. तक्रार करणाराही हे लिहितो आणि चार तारे देणाराही हेच लिहितो, तेव्हा ते बहुधा खरे असते. एवढे निघाले तरी संकेतस्थळाने आपले काम केले. त्याने उत्तर दिले नाही, पण विचारायचे प्रश्न दिले.

हे प्रश्न कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला ई-मेलने विचारावेत, फोनवर नाही, म्हणजे उत्तर लेखी राहते. प्रशिक्षणानंतर पाळी कोणती? रात्री ९ ला सुटल्यावर घरापर्यंत गाडी मिळते का, आणि कोणत्या वेळेनंतर? राजीनाम्याची मुदत किती, आणि आधी सोडल्यास किती रक्कम भरावी लागते? गाडीचा प्रश्न विचारताना संकोच नको. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती, सुरक्षा आणि घरापर्यंत वाहनाची सोय मागितली आहे. पाळी ९ ला संपत असेल तर ती या वेळेच्या अर्धा तास आधी संपते, म्हणून गाडी मिळेलच असे गृहीत धरू नये, विचारावे.

आपल्या घरांतले काही प्रश्न या अभिप्रायांत सापडणारच नाहीत. १२ ते ९ च्या पाळीत असर आणि मगरिब दोन्ही येतात. दहा मिनिटांची सुट्टी मिळते का, रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी जागेवरून उठता येते का, हिजाबबद्दल गणवेशाचा काही नियम आहे का? १७ अभिप्रायांत यावर एकही शब्द नसेल, तर त्याचा अर्थ अडचण नाही असाही होत नाही आणि अडचण आहे असाही नाही. लिहिणाऱ्यांत असा प्रश्न पडलेले कोणी नव्हते, एवढाच अर्थ होतो. हे सरळ विचारावे किंवा त्या विभागातून गेल्या वर्षभरात बाहेर पडलेल्या एखाद्या मुलीशी बोलावे. महाविद्यालयातील वरच्या वर्गाच्या मुलींकडून असा दुवा बहुधा मिळतो.

एक मर्यादा लक्षात असू द्यावी. वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्याबद्दल किंवा दुकानाबद्दल या संकेतस्थळांवर दोन-तीन ओळी मिळाल्या तरी पुष्कळ. आखाती देशांत गवंडी, चालक किंवा स्वयंपाकी म्हणून जाणाऱ्यांसाठी तर ती जवळजवळ निरुपयोगी आहेत. तिथे पाठवणारा एजंट भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरील नोंदणीकृत यादीत आहे का, हे आधी पाहावे.

आपल्या उदाहरणातील मुलीने शेवटी काय करावे, हे तिच्या ई-मेलला येणारे उत्तर ठरवील. पाळी आणि गाडी दोन्ही लेखी मिळाली, ९० दिवसांची अट चालण्यासारखी वाटली आणि वसतिगृहाचे भाडे जाऊन चार पैसे उरत असतील, तर २.८ तारे असूनही तिने जावे. उत्तर टाळले गेले किंवा "आल्यावर बघू" असे सांगितले गेले, तर ३.९ तारे असूनही सोलापूरचा राजीनामा देऊ नये.