गूळ उतरवायची घडी

कोल्हापूरच्या गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळायला लागला की त्यापुढे बराच वेळ थर्मामीटरचा पारा जागचा हलत नाही. खाली चुलवाणात जळव्या सारखी चिपाडे कोंबत असतो, वर वाफेचे लोट उठत असतात, काहिलीतली पातळी डोळ्यांदेखत खाली जाते. तापमान मात्र ९८ च्या आसपासच घुटमळते. दीड-दोन तास हे असे चालते, आणि मग शेवटच्या थोड्या वेळात पारा एकदम चढू लागतो. ११० होतो, ११२ होतो, ११५ होतो. गुळव्याचे सगळे कसब या शेवटच्या चढणीवरचे आहे. दोन अंश आधी काहील उतरवली तर गूळ घट्ट होत नाही, आणि चार अंश उशिरा उतरवली तर तो करपतो.

आधी थोडा हिशेब करू. एका आधणाला १००० किलो रस घेतला आणि त्यात २० टक्के साखर आहे असे धरले, तर काहिलीत २०० किलो साखर आणि ८०० किलो पाणी आहे. साखरेची वाफ होत नाही, उडते ते फक्त पाणी. त्यातले ६०० किलो पाणी उडाले की उरते २०० किलो साखर आणि २०० किलो पाणी, म्हणजे ५० टक्क्यांचा पाक. इतके लाकूडफाटा-चिपाड जळाले, पण उकळण्याचे तापमान वाढले जेमतेम दोन अंश. आणखी १५० किलो पाणी गेले की पाक ८० टक्क्यांचा होतो आणि तापमान साध्या पाण्यापेक्षा दहा-एक अंश वर जाते. आता उरले ५० किलो पाणी. त्यातले केवळ २८ किलो उडाले की पाक ९० टक्क्यांवर येतो, आणि एवढ्याशा पाण्यासाठी तापमान आणखी आठ-दहा अंश चढते. सुरुवातीच्या ६०० किलोंना दोन अंश आणि शेवटच्या २८ किलोंना आठ-दहा.

असे का व्हावे? द्रव उकळतो म्हणजे त्यातून सुटणाऱ्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका होतो. शुद्ध पाण्यात प्रत्येक रेणू पाण्याचाच असतो आणि पृष्ठभागावरून कोणीही उडी मारू शकतो. साखर विरघळली की पृष्ठभागावरच्या काही जागा साखरेचे जड रेणू अडवतात. ते स्वतः उडत नाहीत, पण त्यांच्यामुळे एका वेळी उडू शकणाऱ्या पाण्याच्या रेणूंची संख्या कमी होते. वाफेचा दाब घटतो, आणि तो पुन्हा हवेच्या बरोबरीला आणायचा तर पाक जास्त तापवावा लागतो.

इथे वजनापेक्षा रेणूंची संख्या महत्त्वाची. साखरेचा एक रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा सुमारे १९ पट जड. म्हणून २० टक्के रसात साखर भरपूर वाटली तरी साखरेच्या एका रेणूमागे पाण्याचे ७६ रेणू असतात. एवढ्या पाण्यात साखरेची अडवणूक जाणवतच नाही. ५० टक्क्यांना एकामागे १९ उरतात, ८० टक्क्यांना पाचाच्याही आत, आणि ९० टक्क्यांना जेमतेम दोन. पारा आधी का हलत नाही आणि शेवटी का धावतो याचे उत्तर या आकड्यांत आहे.

तेही पुरे नाही. नुसती गर्दी धरून हिशेब केला तर ९० टक्क्यांच्या पाकाचे तापमान अकरा-बारा अंशांनी वाढायला हवे. प्रत्यक्षात ते त्याच्या दीडपटीहून जास्त वाढते. कारण साखरेचा रेणू नुसता जागा अडवून बसत नाही, पाणी धरूनही ठेवतो. त्याच्या अंगावर पाण्याला धरणारे आठ हात आहेत. पाणी मुबलक असते तेव्हा या पकडीने काही बिघडत नाही, पण एकामागे दोनच रेणू उरल्यावर जवळजवळ प्रत्येक रेणू कोणत्या ना कोणत्या हातात असतो. त्याला सोडवायला जास्तीची उष्णता लागते.

थर्मामीटरचा आकडा म्हणजे काहिलीत किती पाणी उरले याचे माप, असे मग म्हणता येते. पण ते वाचताना एक गोष्ट धरावी लागते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे, तिथे साधे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळते. गूळ उतरवायची वेळ पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा साधारण १८ ते २० अंश वर येते, म्हणजे इथे ११६ ते ११८. हाच आकडा लक्षात ठेवून कोणी आंध्रातल्या अनकापल्लीला, जवळजवळ समुद्रकाठी, गूळ करायला बसला तर त्याचा गूळ मऊ राहील, कारण तितक्याच घट्टपणासाठी तिथे दोन अंश जास्त लागतात. म्हणून थर्मामीटर आणला की आधी उकळत्या पाण्यात बुडवून त्या जागेचा आकडा पाहावा आणि पुढची मोजणी तिथून करावी. थर्मामीटर स्वतःच अंश-दोन अंश खोटा असेल तर तेही त्यातच पकडले जाते.

गुळव्याची पद्धत मात्र या भानगडीत पडतच नाही. तो आधी पाहतो बुडबुड्यांकडे. रस पातळ असतो तोवर बुडबुडे बारीक, उथळ आणि झटपट फुटणारे. मळी काढून झाली, पाणी उडाले, की फेस वर चढू लागतो. तो उतू जाऊ नये म्हणून थोडे तेल टाकतात. मग पाक दाट होतो तसे बुडबुडे मोठे होतात, जड होतात आणि फदफद आवाज करत फुटतात. एवढे दिसले की तो जळव्याला जाळ कमी करायला सांगतो, आणि काहील सारखी ढवळत ठेवतो. दाट पाक आपणहून खालीवर फिरत नाही, तळाला बसला की तिथेच करपतो. अशा वेळी तळाजवळचा पाक आणि वरचा पाक यांच्या तापमानातही फरक असतो, त्यामुळे थर्मामीटर कुठे धरला यावर आकडा बदलतो.

यानंतर गोळी. थोडा पाक काढून थंड पाण्यात टाकायचा आणि बोटांनी गोळा करायचा. आधी तो पाण्यात पसरून जातो. मग गोळा होतो, पण बोटात चपटा होतो. मग आकार धरतो. शेवटी गोळी इतकी कडक होते की भांड्याच्या काठावर किंवा काहिलीच्या कडेवर मारली तर टणकन आवाज येतो. घरात एकतारी, दोनतारी, गोळीबंद पाक बघणारी बाई जे करते तेच हे. गोळीची खुबी अशी की ती तापमान मोजतच नाही. गार झाल्यावर हा पाक किती कडक होईल हेच ती थेट विचारते, आणि गिऱ्हाइकाला ढेपेशी काम पडते तेही गार झाल्यावरच. उंचीचा किंवा थर्मामीटरच्या खोटेपणाचा इथे संबंध उरत नाही. अर्थात, उन्हाळ्यात पाणी कोमट असेल तर गोळी मऊ वाटते आणि गुळव्या फसून पाक जास्त आटवतो, एवढी खबरदारी घ्यावी लागते. शिवाय गोळी करेपर्यंत काहील थांबत नाही. चिपाडांचा जाळ बटण दाबून बंद होत नाही, चुलवाणाच्या तापलेल्या विटा पाकाला उष्णता देतच राहतात. म्हणून मुरलेला गुळव्या गोळी पूर्ण टणक व्हायच्या जरा आधीच काहील उतरवायला सांगतो. पुढे वाफ्यात ओतून फावड्याने ढवळताना उरलेल्या पाण्यातले आणखी थोडे उडून जाते.

थर्मामीटर बरोबर असूनही गूळ बिघडतो, तो साखरेच्या जातीमुळे. उसातली साखर म्हणजे सुक्रोज. आंबटपणा आणि उष्णता मिळाली की तिच्या एका रेणूचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. कोवळ्या उसात हे तुकडे मुळातच जास्त असतात. तोडून दिवसेंदिवस पडलेल्या, लोळलेल्या किंवा पुराच्या पाण्यात राहिलेल्या उसातही ते वाढतात. एकाचे दोन झाले म्हणजे रेणूंची संख्या वाढली, आणि उत्कलनबिंदू संख्येवर चालतो हे आपण पाहिलेच. त्यामुळे असा पाक पाणी जास्त असतानाच ११६ वर पोचतो. आकडा पाहून काहील उतरवली तर गूळ ओला राहतो. त्यात भर म्हणून हे तुकडे सुक्रोजचे कण बांधू देत नाहीत. चांगल्या पाकाचे गार होताना काय होते? ९० टक्क्यांवर उतरवलेला पाक थंड झाला की एवढी साखर विरघळून धरायची ताकद उरलेल्या पाण्यात नसते. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात जेमतेम २०० ग्रॅम साखर मावते. जास्तीची साखर बारीक कण होऊन बाहेर पडते आणि ढेपेला रवाळपणा येतो. तुकडे जास्त असले तर हे कण बनत नाहीत, गूळ चिकट राहतो आणि पावसाळ्यात हवेतले पाणी ओढून पाझरतो. खारवट जमिनीतल्या उसाचे रडगाणे याच्याच जवळचे: त्यातले क्षारही तापमान वाढवतात आणि ओल ओढतात.

अशा वेळी अनुभवी गुळव्याला आकड्याच्या आधी बोटे सांगतात. गोळी तुटत नाही, ताणली जाते, बोटाला चिकटून राहते. त्यावर तो पाक जरा जास्त आटवतो, पण त्यालाही मर्यादा आहे, कारण तुकडे झालेली साखर लवकर जळते आणि गूळ काळा पडतो. खरा इलाज काहिलीत नसून त्याच्या आधी आहे: ऊस पक्व झाल्यावर तोडायचा, तोडला त्याच दिवशी गाळायचा आणि रसात बेताचा चुना घालायचा. उसाचा रस मुळात किंचित आंबट असतो. चुन्याने तो आंबटपणा कमी झाला की साखर फुटायची थांबते. चुना बेताचाच, कारण जास्त झाला तर गुळाचा रंग गडद होतो. रानभेंडीचा चिकट रस घालतात तो वेगळ्या कामासाठी, मळी वर आणायला.

काकवी करणाऱ्याला याच्या बरोबर उलटे हवे असते. ती १०५-१०६ अंशांवरच उतरवतात, म्हणजे पाणी भरपूर ठेवून. तरी बरणीत ठेवल्यावर तळाशी साखरेचे खडे जमतात, आणि ते होऊ नयेत म्हणून काकवीत चिमूटभर सायट्रिक आम्ल मुद्दाम घालतात. थोडी साखर फुटते, तुकडे कणांना बांधू देत नाहीत आणि काकवी पातळ राहते.