हुपरीचं दुकान, इचलकरंजीची शाखा: हिशेब कसा ठेवावा?

समजा, हुपरीत आपलं कापडाचं दुकान आहे. इचलकरंजीत दुसरं दुकान काढलं, तिथे धाकटा भाऊ बसतो. माल इथून जातो, गल्ला इथे येतो. वर्षाअखेरीस माल कमी भरला तर भावाला विचारायचं काय? हा प्रश्न घरात वाद न होता सुटावा, म्हणून कॉमर्सच्या पुस्तकातली ‘साठा व ऋणको पद्धत’ उपयोगी पडते.

यात शाखेला माल विक्रीच्या किमतीने लावतात. ८० रुपयांचा माल १०० रुपयांना, म्हणजे शंभरात २० नफा. मग शाखा साठा खात्यावरून दुकानात किती माल उरायला हवा, ते आपोआप कळतं.

सुरुवातीचा माल ५०,००० आणि वर्षभरात पाठवला २,००,०००, असे २,५०,००० झाले. रोख विक्री १,१०,००० व उधार विक्री ७०,००० वजा केली, तर ७०,००० चा माल उरायला हवा. मोजला तर भरला ६७,५००. तूट २,५००. यातले ५०० आपणच चढवलेला नफा आहे, खरं नुकसान २,००० चं.

मात्र तूट दिसली म्हणजे चोरीच झाली असं नाही. भावाने गिऱ्हाइकाला लेबलपेक्षा कमी भाव लावला आणि लिहिलं नाही, तरी तेवढीच तूट दिसते. म्हणून सूट त्याच दिवशी लिहावी.

उधारीचं खातं वेगळं. जुनी उधारी २०,००० आणि नवी ७०,०००. त्यातून वसूल ५५,००० व वसुलीच्या वेळी सोडलेले १,००० वजा केले, की येणं ३४,००० राहतं.

आता गल्ला. रोख विक्री १,१०,००० आणि वसुली ५५,००० मिळून १,६५,००० हुपरीला यायला हवेत. ३१ मार्चपर्यंत पोचले १,६०,०००. उरलेले ५,००० भावाने त्याच दिवशी पाठवले आणि ते २ एप्रिलला मिळाले, तर ती ‘वाटेवरची रोख’. ती आपली येणी रक्कम म्हणून दाखवायची, तूट म्हणून नाही. मात्र गल्ल्यातूनच भाडं भागवून उरलेलं पाठवायची सवय असेल, तर हा मेळ कधीच बसत नाही. सगळी रोख इकडे यावी, खर्चाचे पैसे इथून वेगळे जावेत.

शेवटी नफा. एकूण विक्री १,८०,०००, तिच्यातला पाचवा हिस्सा ३६,०००. त्यातून तूट २,०००, सोडलेले १,००० आणि भाडं-पगार १८,००० गेले. शाखेचा नफा १५,००० राहिला.

एक सावधगिरी: हुपरीच्या चांदीला ही पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही. भाव रोज बदलतो, त्यामुळे रुपयांतली तूट फसवते. पैंजणांचा साठा आधी वजनाने, ग्रॅममध्ये जुळवावा, मग रुपयांकडे वळावं.