‘मानवी चूक’ हे उत्तर नव्हे

बारावीच्या किंवा बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला साधा लंबक बहुतेकांच्या वाट्याला येतोच. दोरा, धातूचा गोळा, स्टॉपवॉच आणि मीटरपट्टी एवढ्या सामानावर गुरुत्व त्वरण काढायचे. लांबी आणि दोलनकाल मोजला की g = 4π²L/T² हे सूत्र उत्तर देते. खरी परीक्षा त्यानंतर, रिपोर्ट सादर करताना सुरू होते. परीक्षक विचारतात, “उत्तर ९.६ आलंय, पुस्तकात ९.८ आहे. फरक कशामुळे?” त्यावर ठरलेले उत्तर येते, “ह्यूमन एरर, सर.” या उत्तरातून काहीच कळत नाही. कोणती चूक, किती मोठी आणि उत्तराला कोणत्या बाजूला ढकलणारी, हे परीक्षकांना हवे असते.

त्यांचा पुढचा प्रश्न बहुधा असा असतो: “पन्नास दोलनं का मोजलीस? एक का नाही?” एक मीटर लांबीच्या लंबकाचे एक दोलन साधारण दोन सेकंदांत होते. स्टॉपवॉच सेकंदाचा शंभरावा भाग दाखवत असले, तरी बटण दाबणारे बोट तितके नेमके नसते. त्याची चूक ०.२ सेकंद धरू. एकच दोलन मोजले तर ही चूक दहा टक्के होते आणि सूत्रात T चा वर्ग असल्याने g मध्ये ती वीस टक्क्यांवर जाते. पन्नास दोलनांना शंभर सेकंद लागतात. चूक तेवढीच राहते, पण आता ती शंभर सेकंदांत वाटली जाऊन ०.२ टक्के उरते, g मध्ये ०.४ टक्के. मीटरपट्टीवर एक मिलिमीटर चुकला तर फरक पडतो फक्त ०.१ टक्का. म्हणजे मेहनत घ्यायची ती वेळेवर. मग पाचशे दोलने का नकोत? तोवर हवेच्या विरोधाने झोके लहान होतात आणि मोजणाराही आकडा चुकतो.

मोजणीची एक चूक तर हटकून होते. घड्याळ सुरू करतानाच ‘एक’ म्हटले, तर वीस मोजूनही दोलने एकोणीसच होतात. दोलनकाल पाच टक्क्यांनी कमी येतो आणि g १०.८ च्या घरात जाते. उत्तर इतके वर गेले की आधी मोजणी तपासावी. सुरुवात ‘शून्य’ने करावी आणि घड्याळ गोळा मधल्या खुणेवरून जाताना दाबावे. टोकाला गोळा रेंगाळतो, त्यामुळे नेमका क्षण पकडता येत नाही. मध्यावर तो सर्वांत वेगात असतो.

आता ९.६ कडे वळू. समजा चार लांब्या घेतल्या, प्रत्येकीला पन्नास दोलने तीनदा मोजली आणि सरासरी काढली. ४० सेंटिमीटरला g आले ९.४९, ६० ला ९.५९, ८० ला ९.६४ आणि १०० ला ९.६७. सरासरी ९.६०. इथे परीक्षक थांबतात: “हे आकडे बघ. काही दिसतंय?” बोटाची चूक असती तर आकडे कधी वर, कधी खाली गेले असते. इथे लांबीबरोबर ते एकाच दिशेने चढत आहेत. म्हणजे एखादी कायमची चूक प्रत्येक मोजणीत शिरली आहे आणि लांबी कमी असताना ती जास्त बोचते आहे.

लांबी आधारापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. इथे ती दोऱ्याच्या टोकापर्यंत, म्हणजे गोळ्याच्या माथ्यापर्यंतच मोजली गेली. गोळ्याची त्रिज्या होती १.२५ सेंटिमीटर. ४० मध्ये ती तीन टक्के होते, १०० मध्ये सव्वा टक्का. अशी चूक शंभर वेळा मोजून सरासरी काढली तरी जात नाही.

म्हणूनच “आलेख का काढलास?” हा प्रश्न महत्त्वाचा. आडव्या अक्षावर लांबी आणि उभ्या अक्षावर T² घेतला तर सरळ रेषा मिळते, पण ती शून्यातून जात नाही. मागे वाढवली तर लांबीच्या अक्षाला उणे १.२५ सेंटिमीटरच्या आसपास छेदते. विसरलेली त्रिज्या अशी कागदावर सापडते. रेषेच्या चढावर या चुकीचा परिणामच होत नाही, कारण ती सगळ्या बिंदूंना सारखीच सरकवते. चढावरून काढलेले g ९.७९ च्या जवळ येते. मुंबईतले प्रत्यक्ष मूल्यही तेवढेच आहे. पुस्तकातले ९.८१ हे त्याहून उत्तरेकडच्या अक्षांशांचे.

आलेखही सगळेच पकडत नाही. लंबक तीस अंशांनी झुलवला तर दोलनकाल १.७ टक्क्यांनी वाढतो, तोही प्रत्येक लांबीला सारख्याच प्रमाणात. मग रेषा शून्यातूनच जाते आणि तरीही g तीन टक्क्यांहून अधिक कमी येते. त्यावर उपाय मोजणी सुरू होण्याआधीच करायचा असतो: झोका दहा अंशांच्या आत ठेवायचा. तिथे हा फरक ०.२ टक्क्यांहून कमी असतो.

रिपोर्ट सादर करणाऱ्यांनी ‘ह्यूमन एरर’ हे शब्द खोडावेत. त्या जागी चुकीचे नाव, तिचा आकडा आणि ती उत्तर वाढवते की घटवते, हे लिहावे.