दोनशेवीसचे दोन रुग्ण

एकाच रात्री, तासाभराच्या अंतराने, दोन रुग्ण आमच्या तातडीच्या विभागात आले असं धरून चला. दोघांचंही वजन साधारण साठ किलो आणि दोघांचंही बीपी 220/120.

पहिला पंचावन्न वर्षांचा ट्रकचालक. जेवता जेवता त्याच्या पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, एकदम कळ आली. "डॉक्टर, आतून टरकन काहीतरी फाटलं बघा," एवढंच तो सांगतो. सगळा घामाने निथळलाय. दुसऱ्या सत्तरीच्या मावशी. झोपेतून गुदमरून उठल्या, आणि आता कॉटवर पाय खाली सोडून बसल्यात. सिस्टर आडवं व्हायला सांगतात, पण त्या मान हलवतात. श्वासागणिक छातीत बुडबुड ऐकू येतं, ओठांशी गुलाबीसर फेस आहे, आणि बोलताना दोन शब्दांपुढे दम पुरत नाही.

पहिल्याची महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, आतल्या अस्तरापासून फाटत चालली आहे. डॉक्टर त्याला डिसेक्शन म्हणतात. मावशींच्या फुफ्फुसांत पाणी भरतंय. दोघांनाही शिरेतून औषध द्यायचंय आणि दोघांचंही बीपी उतरवायचंय. पण ट्रकचालकाचं पहिलं औषध मावशींना दिलं तर त्यांचं हृदय कोसळू शकतं, आणि मावशींचं औषध एकट्याने ट्रकचालकाला दिलं तर त्याची धमनी आणखी फाटू शकते.

त्याआधी एक गोष्ट सांगायलाच हवी. 180/120 च्या वरचं प्रत्येक बीपी शिरेतून उतरवायचं नसतं. मेंदू, हृदय, फुफ्फुसं, मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा किंवा महाधमनी यांपैकी कशाला तरी या क्षणी इजा होत असेल, तरच ती खरी आणीबाणी. नुसतीच तपासणीत 200/110 सापडली आणि माणसाला कसलाच त्रास नाही, तर त्याला शांत बसवायचं, थोड्या वेळाने पुन्हा मोजायचं, तोंडाने घ्यायची औषधं सुरू करायची किंवा सुटलेली परत चालू करायची आणि काही दिवसांत बीपी खाली आणायचं. त्याला सुई लावण्याने फायदा नाही, धोका मात्र आहे.

हा धोका आमच्या व्यवसायाने अनुभवातून शिकलेला आहे. कित्येक वर्षं निफेडिपिनची कॅप्सूल टोचून तिचे थेंब जिभेखाली सोडायची पद्धत होती. पाच-दहा मिनिटांत आकडा खाली यायचा, नातेवाईक निश्चिंत व्हायचे. पण हे औषध तोंडाच्या अस्तरातून फारसं शोषलंच जात नाही. ते गिळलं जातं आणि आतड्यातून रक्तात जातं. बीपी किती पडणार हे कुणाच्याच हातात राहत नाही. अर्धांगवायू आणि हृदयविकाराचे झटके नोंदले जाऊ लागले, आणि 1996 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हा वापर थांबवावा का, असं विचारणारा लेख आला.

एकदम पाडलेलं बीपी का बाधतं? मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या बीपी चढलं की आवळतात आणि उतरलं की सैल होतात, म्हणून मेंदूला रक्त एकसारखं मिळत राहतं. वर्षानुवर्षं बीपी असलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांची भिंत जाड होते आणि हा सगळा सांभाळ वरच्या आकड्यांवर सरकतो. तुमच्या-माझ्या मेंदूला जे बीपी पुरतं, त्याच बीपीवर त्याचा मेंदू उपाशी राहू शकतो.

म्हणून सर्वसाधारण नियम असा, की पहिल्या तासात सरासरी दाब पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त उतरवायचा नाही. सरासरी दाब काढायला खालच्या आकड्याची दुप्पट करून त्यात वरचा मिळवायचा आणि तीनने भागायचं. 220/120 चा सरासरी दाब 153. त्यातून चौथा हिस्सा वजा केला की 115, म्हणजे साधारण 165/90. पुढच्या दोन ते सहा तासांत 160/100 च्या आसपास स्थिरावायचं, आणि नॉर्मलकडे जायला एक-दोन दिवस घ्यायचे. 120/80 दिसलं की घरच्यांना हायसं वाटतं, पण पहिल्या तासात ते दिसणं बहुतेक रुग्णांत वाईट.

ट्रकचालक मात्र या नियमाला मोठा अपवाद आहे. त्याचा वरचा आकडा 120 च्या खाली आणि नाडी मिनिटाला साठच्या आत आणायची आहे, तीही शक्य तर वीस मिनिटांत, फार तर तासाभरात. मेंदूला थोडी झळ बसण्याची जोखीम इथे पत्करावी लागते, कारण महाधमनी पूर्ण फुटली तर पुढचा प्रश्नच उरत नाही. धमनी हृदयाजवळ फाटली असेल तर सुरुवातीला दर तासाला एक ते दोन टक्के रुग्ण दगावतात.

आता औषध कोणतं? अस्तर फाटत जातं ते नुसत्या दाबामुळे नव्हे, तर हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बसणाऱ्या हिसक्यामुळे. 1970 साली अमेरिकेत प्रोकॉप, पामर आणि व्हीट यांनी प्लास्टिकच्या नळीत आणि कुत्र्यांच्या महाधमन्यांत हे तपासलं. संथ, एकसारखा प्रवाह सोडला तर दाब बराच वाढवूनही फाट पुढे सरकेना. ठोक्याठोक्याने प्रवाह सोडला की ती सरकायची, आणि दाब जितक्या झपाट्याने चढेल तितकी लवकर. याच मायरन व्हीट यांनी 1965 मध्ये शस्त्रक्रियेऐवजी औषधांनी हा हिसका कमी करायची पद्धत मांडली होती. त्यांच्या औषधांत एक होतं रेसरपिन, म्हणजे आपल्या सर्पगंधेतलं द्रव्य. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला, आणि तिथूनच जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. रेसरपिन आता मागे पडलं, पण विचार तोच राहिला: आधी हृदयाला शांत करा.

म्हणून ट्रकचालकाला पहिल्यांदा बीटा ब्लॉकर. एस्मोलॉल असेल तर उत्तम, कारण त्याचा असर साधारण नऊ मिनिटांत निम्मा होतो; चूक झाली तर थांबवता येतं. साठ किलोला आधी तीस मिलिग्रॅम, एका मिनिटात. नेहमीच्या बाटलीत मिलिलिटरला दहा मिलिग्रॅम असतं, म्हणजे हे फक्त तीन मिलिलिटर. मग पंपावर मिनिटाला तीन मिलिग्रॅमपासून सुरुवात करून नाडी बघत वाढवायचं. एस्मोलॉल नसेल तर लॅबेटॅलॉल वीस मिलिग्रॅम हळूहळू शिरेत, आणि दर दहा मिनिटांनी गरजेप्रमाणे पुन्हा. सोबत मॉर्फिन किंवा फेंटानिल हवंच, कारण कळ जोवर आहे तोवर बीपी खाली येत नाही.

नाडी साठच्या आत आली आणि वरचा आकडा तरीही 120 च्या वर राहिला, तरच रक्तवाहिन्या सैल करणारं निकार्डिपिन किंवा नायट्रोप्रुसाइड जोडायचं. हा क्रम उलटा करायचा नाही. आधी वाहिन्या सैल केल्या तर दाब पडल्याचं शरीराला कळतं, हृदय जोरात आणि भरभर धडधडतं, आणि मॉनिटरवर आकडा सुधारलेला दिसत असतानाच आत फाट पुढे जाते.

खरी घसरण बहुतेकदा याच्याही आधी होते. छातीत दुखतंय, घाम आलाय, तर हार्ट अटॅकच असणार असं समजून रक्त पातळ करणारी इंजेक्शनं दिली जातात. फाटलेल्या धमनीत ती जीवघेणी. म्हणून कळ क्षणात शिगेला पोचली असेल, पाठीत जात असेल, तर दोन्ही हातांचं बीपी मोजायचं. आमच्या ट्रकचालकाच्या उजव्या हातात 220 होतं, डाव्यात 180. उपचारासाठी जास्त आकड्याचा हात धरायचा. डाव्यावर भरवसा ठेवला असता तर तो बरा होतोय असं वाटलं असतं. सीटी अँजिओग्राफीत फाट डाव्या हाताच्या धमनीच्या उगमापाशी सुरू होऊन खाली गेलेली दिसली. हृदयाजवळचा भाग शाबूत, म्हणून तातडीची शस्त्रक्रिया नाही. पण रात्रभर सिस्टर त्याची लघवी दर तासाला मोजत होत्या. ती तीस मिलिलिटरच्या खाली गेली, पाय गार पडला किंवा पोटात कळ आली, तर एकतर आम्ही दाब जास्त उतरवला किंवा फाट एखाद्या फांदीपर्यंत पोचली.

आता मावशी. आपल्याकडे "छातीत पाणी झालं" हे दोन वेगळ्या आजारांना म्हणतात. फुफ्फुसाभोवती साठलेलं पाणी सुईने काढता येतं. मावशींचं पाणी फुफ्फुसाच्या आत, हवेच्या पुड्यांत आहे. ते काढायचं नसतं, मागे परतवायचं असतं. बऱ्याचदा अंगात जास्तीचं पाणी साठलेलंही नसतं. रक्तवाहिन्या इतक्या आवळतात की थकलेल्या हृदयाला त्या विरोधात रक्त ढकलता येत नाही, दाब मागे फुफ्फुसांत चढतो आणि पाणी झिरपतं.

म्हणून वाहिन्या सैल करणं हेच इथलं पहिलं काम. नायट्रोग्लिसरिन पंपावर मिनिटाला दहा-वीस मायक्रोग्रॅमपासून सुरू करायचं आणि दर तीन-पाच मिनिटांनी वाढवायचं. थोड्या मात्रेत ते शिरा सैल करतं, हृदयाकडे येणारं रक्त कमी होतं. मोठ्या मात्रेत धमन्याही सैल होतात. नेहमीची चूक ही, की पंप दहावरच राहतो, सगळे लघवीच्या इंजेक्शनवर विसंबतात आणि मावशी दमत जातात. फ्युरोसेमाइड द्यायचं, पण ते जोडीला. त्याच वेळी बायपॅपचा मास्क लावायचा. तो दाबाने हवा देऊन पुडे उघडे ठेवतो. पहिल्या तासात वरचा आकडा 140 च्या आसपास आला तर चांगलं, पण चौथ्या हिस्स्याची मर्यादा नजरेआड करायची नाही.

आणि बीटा ब्लॉकर नाही. मावशींचं हृदय या घटकेला ॲड्रिनलिनच्या जोरावर कसंबसं चाललंय. तो आधार काढला तर ते बसेल. नायट्रोग्लिसरिनलाही पथ्य आहे. आधी सिल्डेनाफिल घेतलंय का हे पुरुष रुग्णांना आडून न विचारता सरळ विचारावं लागतं, आणि हृदयाची महाधमनीकडची झडप फार अरुंद असेल तर बीपी धाडकन पडू शकतं.

चाळिसाव्या मिनिटाला मॉनिटरवर 160/90 होतं. पण मी बघत होतो मावशींच्या गळ्याकडे. श्वासाबरोबर आत ओढला जाणारा खळगा आता दिसत नव्हता. मास्क क्षणभर बाजूला केला तर त्या एका दमात म्हणाल्या, "बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या चार दिवसांपूर्वी, मुलगा गावाहून आला की आणणार होता." पंप कमी करायच्या आधी ती गोळी सिस्टरांनी थोड्या पाण्याबरोबर दिली.