सहीभोवतीचा पांढरा चौकोन

गृहनिर्माण संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र डोळ्यांसमोर आणा. वर लेटरहेड, मध्ये मजकूर, खाली ‘सचिव’ या शब्दाच्या डोक्यावर सहीसाठी रेघ आणि शेजारी संस्थेचा गोल शिक्का. सचिव परगावी असतात. ते कागदावर सही करून मोबाइलने फोटो पाठवतात आणि कार्यालयातला कुणीतरी तो वर्डमध्ये चिकटवतो. मग रेघ मधेच तुटते, शिक्क्याचा एक तुकडा झाकला जातो आणि सहीभोवती राखाडी ठिगळ दिसू लागतं. ते घालवायच्या खटपटीत पुढचे सगळे गैरसमज एकेक करून भेटतात.

‘पीएनजी केलं की मागचा पांढरा रंग जातो’

जात नाही. पीएनजी प्रकारच्या फाइलमध्ये पारदर्शकता साठवण्याची सोय असते, एवढंच. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांबरोबर चौथा आकडा देता येतो. त्याला अल्फा म्हणतात. तो ० असेल तर ठिपका अदृश्य, २५५ असेल तर पूर्ण अपारदर्शक. फोटोतल्या कागदाच्या ठिपक्यांचा अल्फा कुणीतरी शून्यावर आणावा लागतो. फाइलच्या नावातलं `.jpg` पुसून `.png` लिहिल्याने आतलं काहीच हलत नाही.

शिवाय फोटोतला कागद पांढरा नसतोच. डोळ्याला तो पांढरा वाटतो, पण आकडे पाहिले तर खिडकीकडच्या कोपऱ्यात २२५ च्या आसपास आणि हाताची सावली पडलेल्या कोपऱ्यात १९० असं काहीतरी निघतं. खरा पांढरा म्हणजे तिन्ही आकडे २५५. वर्डचं पान तसं असतं, म्हणून त्यावर ठेवलेला ‘पांढरा’ कागद मळका दिसतो. पिवळ्या बल्बखाली फोटो काढला असेल तर ठिगळाला हळदीचा रंगही चढतो. म्हणून अर्धं काम फोटो काढतानाच होतं: बिनरेघांचा कागद, जाडसर जेल पेन, दिवसाचा उजेड, पण थेट ऊन नको. बॉलपेनची रेघ मोठी करून पाहिली तर मधेमधे तुटलेली असते आणि पार्श्वभूमी काढताना ती तूट आणखी उघडी पडते.

‘वर्डमध्ये एका क्लिकमध्ये होतं की!’

होतं, पण फार क्वचित. `Picture Format` मधल्या `Color` खाली `Set Transparent Color` आहे. त्याने चित्रावर जिथे क्लिक कराल तिथला एक रंग पारदर्शक होतो. अगदी एकच. संगणकावर काढलेल्या लोगोमागचा सपाट पांढरा त्याने छान जातो. सहीच्या फोटोत मात्र कागदाच्या रंगाच्या शेकडो छटा असतात, त्यांतली एक उडते आणि बाकीच्यांचा रवाळ मळ मागे राहतो. लोक मग पुन्हा दुसऱ्या ठिकाणी क्लिक करतात. त्याने आधी निवडलेला रंग परत येतो आणि नवा जातो, म्हणजे गाडी तिथेच.

हे काम नीट करायचं तर आधी कागद खरोखर पांढरा करावा आणि मगच पांढरा काढावा. मोफत मिळणाऱ्या गिंपमध्ये ते असं होतं. फोटो सहीपुरता कापून घ्या. `Colors` मधलं `Levels` उघडा. तिथे पांढरा बिंदू निवडायचा ड्रॉपर असतो, तो घेऊन कागदाच्या सर्वांत *गडद* भागावर, म्हणजे सावलीच्या कोपऱ्यात, क्लिक करा. बहुतेक जण उजळ भागावर क्लिक करतात आणि सावली तशीच राहते. गडद भागाला पांढरा ठरवलं की त्याहून उजळ असलेलं सगळं आपोआप २५५ वर जातं आणि बल्बचा पिवळेपणाही निघतो. शाई फिकी पडली असेल तर त्याच खिडकीतली काळी खूण थोडी उजवीकडे सरकवा.

आता `Colors` मधलंच `Color to Alpha` घ्या, रंग पांढरा ठेवा. जादूच्या कांडीने मागचा भाग निवडून डिलीट करण्यापेक्षा हे का बरं, ते समजून घेण्यासारखं आहे. शाईच्या रेघेची कड म्हणजे एकदम निळं आणि एकदम पांढरं असं नसतं. मधले ठिपके अर्धे शाईचे, अर्धे कागदाचे असतात. कांडी त्यांना एक तर पूर्ण ठेवते किंवा पूर्ण काढते. ठेवले तर सहीभोवती पांढरट झालर राहते आणि ती नेमकी शिक्क्यावर उठून दिसते. काढले तर रेघ करवतीच्या दातांसारखी होते. `Color to Alpha` त्या ठिपक्यातला पांढरा अंश तेवढा वजा करतं आणि उरलेली शाई अर्धपारदर्शक ठेवतं. मग सहीखाली रेघ असो वा शिक्का, कड त्यात मिसळून जाते.

याची एक बाजू लक्षात ठेवावी लागते. निळ्या शाईतही पांढऱ्याचा अंश आहे असं गणित धरलं जातं, त्यामुळे सहीची रेघ स्वतःही थोडी पारदर्शक होते. पांढऱ्या पानावर ते कळतही नाही, आणि शिक्का सहीतून किंचित दिसला तर ते खऱ्या शाईसारखंच वाटतं. रंगीत कागदावर मात्र सही मिळमिळीत दिसेल. तिथे त्याच खिडकीतला `Opacity threshold` कमी करावा, रेघ पुन्हा भरीव होते.

झालं की नाही हे पांढऱ्या पानावर पाहून ठरवू नका, तिथे सगळंच स्वच्छ दिसतं. सहीच्या थराखाली गडद हिरव्या रंगाचा एक थर घाला. राहिलेले डाग, झालर, कागदाची घडी सगळं लगेच वर येतं. दुसरी खूण आणखी साधी आहे. `Image` मधलं `Crop to Content` चालवा. चौकट सहीला घट्ट बसली तर सहीबाहेर काही उरलेलं नाही. ती लांब कुठेतरी अडली तर तिथे एखादा ठिपका शिल्लक आहे. तो खोडून पुन्हा चालवा. घट्ट चौकट पुढे वर्डमध्येही कामाला येते, कारण सहीभोवतीची अदृश्य मोकळी जागासुद्धा वर्ड मोजतं. शेवटी हिरवा थर काढून टाका आणि `Export As` करून `.png` नावाने जतन करा. पाच सेंटीमीटर रुंद छापायच्या सहीला ३०० डीपीआयने साधारण ६०० ठिपक्यांची रुंदी लागते. त्याच्या दुप्पट ठेवली तर निर्धास्त.

‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, तीच तर फाइल आहे’

फोटो म्हणून पाठवली असेल तर ती जेपीजी होऊन पोहोचते. जेपीजीत अल्फाला जागाच नाही, त्यामुळे पारदर्शक भाग पांढरा तरी होतो किंवा काळा तरी. काळ्या शाईची सही काळ्या पार्श्वभूमीवर, म्हणजे नुसता काळा चौकोन. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ईमेल करा.

याच कारणाने परीक्षांच्या ऑनलाइन अर्जाला पारदर्शक सही देऊ नये. बँकभरतीच्या आयबीपीएस अर्जासारखे अर्ज पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने केलेल्या सहीची छोटी जेपीजी मागतात. तिथे साधा स्कॅनच योग्य.

‘पारदर्शक सही वर्डमध्ये आपोआप नीट बसते’

वर्ड चित्र घेताना ते बहुधा एखाद्या मोठ्या अक्षरासारखं ओळीत बसवतं. `In Line with Text` ते हेच. सही ओळीला उंच करते, ‘सचिव’ खाली ढकलला जातो आणि कधी शेवटची ओळ दुसऱ्या पानावर पडते. रेघेवर सही हवी असेल तर चित्र निवडून `Layout Options` मधून `In Front of Text` घ्या. पारदर्शक असल्याने ती मजकुरापुढे आली तरी काही झाकलं जात नाही. आकार कोपऱ्यातल्या खुणेनेच बदला, बाजूच्या खुणेने सही चपटी होते. उंची सव्वा ते दीड सेंटीमीटरच्या आसपास ठेवली तर ती हाताने केल्यासारखी वाटते. पान अडवणारी मोठी सही पाहिली की चित्र चिकटवलंय हे लांबूनच कळतं.

खरा घोळ नंतर होतो. तरंगणारं प्रत्येक चित्र कुठल्यातरी परिच्छेदाला नांगराने बांधलेलं असतं. चित्र निवडल्यावर समासात नांगराची खूण दिसते. ती ‘सचिव’ या ओळीपाशी ओढून ठेवा आणि `Move with text` चालू ठेवा. मग वर दोन ओळी वाढल्या तरी सही नावाबरोबर खाली सरकते. नांगर वरच्या परिच्छेदात राहिला आणि तो परिच्छेद कुणी पुसला, तर सहीही त्याच्याबरोबर जाते. दर महिन्याला तेच पत्र काढायचं असेल तर मला बिनरेघांचा तक्ता जास्त भरवशाचा वाटतो: वरच्या चौकटीत ओळीतली सही, खालच्या चौकटीत नाव आणि पद, वरच्या ओळीची उंची पक्की केलेली.

‘पीडीएफवर सही करायला ती आधी वर्डमध्ये उघडावी’

मराठी मजकुराच्या बाबतीत हा मार्ग महागात पडतो. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार असतात, त्यांच्यावरून मूळ जोडाक्षरं आणि वेलांट्या परत ओळखणं अनेकदा चुकतं. ‘प्रमाणपत्र’ उघडलं आणि रकार, काने इकडेतिकडे झालेले दिसले, की सहीपेक्षा मजकूर दुरुस्त करण्यातच दुपार जाते. पीडीएफला पीडीएफच राहू द्या. अ‍ॅक्रोबॅट रीडरमधल्या `Fill & Sign` ने चित्र वरून ठेवता येतं, मॅकवर प्रिव्ह्यूमध्ये तशीच सोय आहे. वर्डची मूळ फाइल हाताशी असेल तर सही तिथे बसवून `Save As` ने पीडीएफ करणं सर्वांत सरळ.

‘पीडीएफ केली, आता सही कुणी उचलू शकत नाही’

उचलू शकतो, आणि सहज. वर्डची `.docx` फाइल ही झिप असते. तिची एक प्रत घेऊन नावाचा शेवट `.zip` केला आणि ती उघडली की `word/media` या फोल्डरमध्ये तुमची सही ठेवलेली सापडते. पीडीएफमधूनही चित्रं वेगळी काढणारी साधनं मोफत मिळतात. सही जितकी स्वच्छ कापलेली, तितकी ती दुसऱ्याच्या कागदावर बसवायला सोपी, हे मान्य करावंच लागतं. म्हणून ती `.png` सगळ्या समितीच्या ग्रुपवर फिरवू नये, आणि सही असलेली वर्ड फाइल बाहेर जाऊ देऊ नये.

शिवाय हे चित्र म्हणजे कायद्यातली डिजिटल सही नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ज्या डिजिटल सहीबद्दल बोलतो ती प्रमाणपत्राच्या गुप्त किल्लीने केलेली असते, आणि नंतर मजकूर बदलला तर ते पकडता येतं. यूएसबी टोकनवाली सही किंवा आधारवरची ई-साइन त्या जातीची. चित्रातली सही आणि डिजिटल सही दोन्ही एकाच ना-हरकत प्रमाणपत्रावर हव्या असतील तर क्रम पाळावा: आधी चित्र बसवून पीडीएफ पूर्ण करायची आणि सगळ्यात शेवटी टोकन लावायचं. टोकन लावल्यावर वरून चित्र चिकटवलं, तर उघडणाऱ्याला सही केल्यानंतर कागदपत्रात बदल झाल्याची सूचना दिसते, आणि बँकेच्या खिडकीवरून ते प्रमाणपत्र परत येतं.